कंटेनर उतरला, पण नग कितीला पडला?

भिवंडीच्या गोदामात चाळीस फुटी कंटेनर रिकामा झाला की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नग कितीला पडला? लेखापाल कागद पुढे ओढतो, मालाची किंमत, जहाजाचं भाडं, विमा, सीमाशुल्क आणि क्लिअरिंगचा खर्च यांची बेरीज करतो आणि नगांच्या संख्येने भागतो. बेरजेत फारशी चूक होत नाही, कारण प्रत्येक रकमेचं बिल समोर असतं. चूक होते ती बेरजेच्या आधी, कोणते रुपये धरायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवताना. त्याहून मोठी होते ती बेरजेनंतर, खर्च कोणत्या मालावर किती टाकायचा हे ठरवताना. कंटेनरमध्ये एकाच प्रकारचा माल असेल तर दुसरा प्रश्न उद्भवत नाही. पण मुंबईतल्या घाऊक बाजारासाठी येणारे कंटेनर बहुतेक वेळा मिश्र मालाचे असतात, आणि तिथे एकाच बेरजेतून दोन माणसं दोन वेगळे भाव काढू शकतात.

उदाहरणासाठी एकच कंटेनर घेऊ. चीनच्या निंगबो बंदरातून न्हावा शेवाला आलेला चाळीस फुटी हाय क्यूब. आत कृत्रिम फुलांचे २४,००० गुच्छ आणि चिनी मातीच्या ४,००० फुलदाण्या. गणपतीच्या आधी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास जो माल दिसतो, तसलाच. गुच्छ अर्ध्या डॉलरचा, फुलदाणी तीन डॉलरची, म्हणजे दोन्ही मालांची किंमत सारखीच, प्रत्येकी १२,००० डॉलर. जागा मात्र सारखी नाही. फुलांची खोकी ४८ घनमीटर व्यापतात, फुलदाण्यांची फक्त १६. कागदावर हाय क्यूब ७६ घनमीटरचा असला तरी खोकी रचताना फटी राहतात, त्यामुळे ६४ घनमीटरला कंटेनर जवळजवळ भरलेलाच समजायचा. एकूण किंमत २४,००० डॉलर, आणि ती एफओबी: निंगबोत माल जहाजावर चढेपर्यंतचा सगळा खर्च विकणाऱ्याचा. पुढचे सगळे दर हिशोबापुरते धरलेले आहेत: डॉलर ९० रुपये, मूळ सीमाशुल्क २० टक्के, आयजीएसटी १८ टक्के. खरा दर मालाच्या एचएस कोडवरून आणि त्या दिवशी लागू असलेल्या अधिसूचनेवरून काढावा लागतो. एचएस कोड चुकला तर पुढचं सगळंच चुकतं.

सीमाशुल्क कशावर लागतं

भारतात सीमाशुल्क नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही. सीमाशुल्क कायद्याचं कलम १४ आणि २००७ चे मूल्यांकन नियम यांच्यानुसार मालाच्या किमतीत भारतातल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा मिळवून जे मूल्य येतं, त्यावर ते आकारलं जातं. आपल्या कंटेनरचं भाडं २,४०० डॉलर आणि विमा १०० डॉलर धरला तर हे मूल्य २६,५०० डॉलर, म्हणजे २३ लाख ८५ हजार रुपये होतं. त्यावर २० टक्के मूळ शुल्क ४ लाख ७७ हजार. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार ४७,७००. दोन्ही मिळून ५ लाख २४ हजार ७००, म्हणजेच मूल्याच्या २२ टक्के. यानंतर मूल्य अधिक शुल्क अधिक अधिभार या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी लागतो: ५ लाख २३ हजार ७४६. बिल ऑफ एंट्री भरताना खात्यातून एकूण साडेदहा लाखांच्या जवळपास रक्कम जाते.

यातून एक गोष्ट निघते, जी भाव ठरवताना बहुतेक जण विसरतात. भाड्यावरही शुल्क लागतं, म्हणून जहाजाच्या भाड्याचा प्रत्येक रुपया गोदामात सव्वा रुपयाच्या आसपास, नेमकं सांगायचं तर १ रुपया २२ पैशांना पडतो. भाडं वाढलं की सरकारचा वाटाही आपोआप वाढतो. महासाथीपूर्वी ड्रूरी या सल्लागार संस्थेचा जागतिक निर्देशांक चाळीस फुटी कंटेनरला दीड हजार डॉलरच्या आसपास होता, तो सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजारांच्या वर गेला. त्या वर्षी ज्यांनी जुन्या भाड्यावर भाव कबूल केले होते, त्यांना भाड्याच्या वाढीबरोबर त्या वाढीवरचं शुल्कही खिशातून भरावं लागलं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हाही तेच. निंगबोहून न्हावा शेवाला येणारं जहाज तांबड्या समुद्रातून जात नाही, पण लांबच्या मार्गांवर जहाजं आणि रिकामे कंटेनर अडकून पडले की त्याची झळ इतर मार्गांनाही लागते.

भाड्याचं आणि विम्याचं बिल वेळेवर हातात नसेल तर नियमातली कलमं लागू होतात. भाडं समजण्यासारखं नसेल तर ते एफओबी किमतीच्या २० टक्के धरलं जातं, आणि विमा समजण्यासारखा नसेल तर १.१२५ टक्के. आपल्या कंटेनरला २० टक्के म्हणजे ४,८०० डॉलर, खऱ्या भाड्याच्या दुप्पट. त्यावरचं जादा शुल्क ४७,५२० रुपये. केवळ फॉरवर्डरचं भाड्याचं बिल क्लिअरिंग एजंटकडे वेळेत पोहोचलं नाही म्हणून एवढी रक्कम जाऊ शकते. विम्याचा फरक किरकोळ, साडेतीन हजारांच्या आत, तरी वर्षभराची खुली सागरी पॉलिसी असेल तर तिचं प्रमाणपत्र कागदपत्रांत जोडलेलं बरं.

मस्जिद बंदर भागातल्या अनेक पेढ्यांत अजून जुनी एक्सेल शीट फिरत असते. तिच्यात मूल्यावर १ टक्का उतराई खर्च धरलेला असतो. तो नियम गेला आहे. २०१५ च्या विप्रो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खर्च प्रत्यक्ष असेल तेवढाच धरावा असं म्हटलं, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये नियम बदलून तो ठोक १ टक्का काढून टाकण्यात आला. शिक्षण उपकराच्या जागी समाजकल्याण अधिभार २०१८ मध्ये आला. जुन्या शीटमधलं हे सगळं काढून टाकलं नाही तर भाव विनाकारण फुगतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

अँटी-डम्पिंग शुल्क हा वेगळा प्रकार आहे. ते बहुधा किलोवर किंवा टनावर ठरलेलं असतं, किमतीवर नाही. त्यामुळे स्वस्त आणि जड मालाला ते फार जाचक ठरतं. माल मागवण्याआधी आपल्या एचएस कोडवर आणि आपल्या देशाच्या मालावर असं शुल्क चालू आहे का, हे क्लिअरिंग एजंटाकडून लेखी घ्यावं.

कोणता रुपया धरायचा, कोणता नाही

नेहमीच्या जीएसटी नोंदणीच्या व्यापाऱ्याने आयजीएसटी नगाच्या भावात धरू नये. बिल ऑफ एंट्रीवर स्वतःचा जीएसटी क्रमांक बरोबर असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, आणि विक्रीवरच्या कराशी ते वळतं होतं. ते धरलं तर आपल्या कंटेनरचा खर्च सव्वापाच लाखांनी फुगेल. उलट कंपोझिशन योजनेत असलेल्या किंवा नोंदणी नसलेल्या आयातदाराला हे क्रेडिट नाही, त्याच्यासाठी तो पूर्ण खर्च आहे. तोच कंटेनर एकाला ३० लाखांना पडतो आणि दुसऱ्याला ३५ लाखांच्या वर. बाजारात एकमेकांचे भाव ऐकून आपला भाव ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे.

क्रेडिट मिळतं म्हणजे पैसा फुकट अडकला असं मात्र नाही. सव्वापाच लाख दोन महिने अडकले आणि कर्ज १२ टक्क्यांचं असेल तर व्याज दहा हजारांच्या आसपास होतं. ते नगाच्या खर्चात न धरता व्यवसायाच्या एकूण व्याजात धरणं रास्त, पण ते विसरू नये.

विदेशी चलनाचा दर हे बिघाडाचं आणखी एक ठिकाण. बिल ऑफ एंट्री ज्या दिवशी दाखल होते त्या दिवशी सीमाशुल्क मंडळाचा जो अधिसूचित दर असतो, तो शुल्कापुरता लागू होतो. विकणाऱ्याला पैसे मात्र बँकेच्या दराने जातात, आणि तेही टप्प्याटप्प्याने: चीनच्या व्यापारात ऑर्डरच्या वेळी ३० टक्के आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत आल्यावर ७० टक्के ही पद्धत सर्रास आहे. नगाच्या भावात मालाची किंमत धरताना खरोखर खात्यातून गेलेले रुपये धरावेत, बँकेच्या कमिशनसकट. अधिसूचित दर फक्त शुल्क मोजण्यासाठी. दोन्हीकडे एकच दर लावणारी शीट सोपी असते, पण रुपया घसरत असताना तिच्यातून निघालेला भाव कमीच दिसतो. आपल्या उदाहरणात मी मुद्दाम एकच दर ठेवला आहे, नाहीतर आकडे हाताबाहेर जातील.

आता न्हावा शेवा ते भिवंडी. जहाज कंपनीचे स्थानिक आकार, ज्यात टर्मिनल हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डरची फी, कंटेनर धुण्याचा खर्च असं बरंच काही येतं, ते ३२,००० धरू. कंटेनर फ्रेट स्टेशनचं बिल १७,०००. डिलिव्हरी ऑर्डरवर महाराष्ट्र मुद्रांक कायद्याप्रमाणे शुल्कासह होणाऱ्या मालाच्या मूल्यावर हजाराला एक रुपया, म्हणजे सुमारे ३,०००. क्लिअरिंग एजंटाची फी ९,०००, ट्रेलर २२,०००, हमाली ७,०००. एकूण ९०,०००, जीएसटी वगळून. कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये न नेता थेट बंदरातून सोडवण्याची सोय, ज्याला डीपीडी म्हणतात, मिळाली तर यातला काही भाग वाचतो. पण थेट सोडवायचं तर बिल ऑफ एंट्री आधीच दाखल झालेली हवी आणि शुल्काचे पैसे तयार हवेत, म्हणजे माल येण्याआधी रोकड बाजूला काढावी लागते. ज्याच्याकडे रोकड ताणलेली असते त्याला ही सोय बऱ्याचदा कागदावरच मिळते.

सगळं जमवलं तर असं होतं. माल २१ लाख ६० हजार, भाडं २ लाख १६ हजार, विमा ९ हजार, शुल्क आणि अधिभार ५ लाख २४ हजार ७००, स्थानिक खर्च ९० हजार. एकूण २९ लाख ९९ हजार ७००. एफओबी किमतीशी याचं गुणोत्तर १.३९. पुष्कळ व्यापारी हेच गुणोत्तर पाठ करून ठेवतात आणि चीनहून भाव आला की त्याला त्याने गुणतात. याच सवयीतून पुढचा घोटाळा सुरू होतो.

भागाकार

दोन्ही मालांची किंमत समान असल्यामुळे किमतीच्या प्रमाणात खर्च वाटला तर दोघांच्या वाट्याला निम्मा निम्मा, १४ लाख ९९ हजार ८५० येतो. गुच्छ ६२ रुपये ४९ पैशांना आणि फुलदाणी ३७४ रुपये ९६ पैशांना पडते. हिशोब सोपा आणि दिसायला न्याय्य. पण जहाज कंपनीने भाडं किमतीवर घेतलेलं नाही, कंटेनरवर घेतलेलं आहे. त्या कंटेनरची तीन चतुर्थांश जागा फुलांनी खाल्ली. फुलदाण्यांची खोकी काढून टाकली तरी फुलांसाठी जवळजवळ अख्खा कंटेनर लागलाच असता. म्हणून भाडं, ट्रेलर आणि बंदरावरचा खर्च जागेच्या प्रमाणात, आणि विमा किमतीच्या प्रमाणात वाटणं हेच खऱ्या कारणाला धरून आहे.

शुल्काचं काय? इथे आपली पद्धत लावून चालत नाही. एका इन्व्हॉइसवर अनेक वस्तू असतील तर सीमाशुल्काची संगणक प्रणाली भाडं आणि विमा वस्तूंच्या किमतीच्या प्रमाणात वाटते आणि त्यावर शुल्क काढते. त्यामुळे शुल्काचा आकडा बिल ऑफ एंट्रीवर वस्तूनिहाय जो छापलेला असतो, तोच उचलायचा. एका वस्तूवर १० टक्के आणि दुसरीवर २० टक्के शुल्क असेल तर एकूण शुल्क किमतीच्या प्रमाणात वाटणं ही सरळ चूक ठरते: कमी शुल्काचा माल महाग दिसतो, जास्त शुल्काचा स्वस्त. आपल्या उदाहरणात दर सारखाच असल्यामुळे प्रत्येकी २ लाख ६२ हजार ३५०.

आता फुलांच्या वाट्याला १५ लाख ७६ हजार ३५० येतात, फुलदाण्यांच्या वाट्याला १४ लाख २३ हजार ३५०. गुच्छ ६५ रुपये ६८ पैशांना, फुलदाणी ३५५ रुपये ८४ पैशांना. पहिल्या पद्धतीपेक्षा गुच्छ सव्वातीन रुपयांनी महाग, फुलदाणी १९ रुपयांनी स्वस्त. फरक पाच टक्क्यांचा. घाऊक बाजारात नफा दहा-बारा टक्क्यांचा असेल तर पाच टक्के म्हणजे जवळजवळ निम्मा नफा.

भाडं चढलं की हा फरक कुठे जातो ते पाहण्यासाठी फक्त भाडं चौपट करू, ९,६०० डॉलर. बाकी काही बदलायचं नाही. एकूण खर्च ३७ लाख ९० हजार २६० होतो. किमतीच्या प्रमाणात वाटलं तर गुच्छ ७८ रुपये ९६ पैशांना पडल्यासारखा दिसतो. जागेच्या प्रमाणात वाटलं तर ८८ रुपये ९० पैशांना. व्यापाऱ्याने ८५ रुपयांना गुच्छ विकला तर त्याच्या शीटवर सहा रुपये नफा दिसेल आणि प्रत्यक्षात जवळजवळ चार रुपये तोटा होत असेल. तोटा लगेच कळत नाही, कारण तेवढ्याच रकमेने फुलदाणी महाग दाखवली आहे. ती फुलदाणी शीटवर ४७४ रुपयांना, प्रत्यक्षात ४१४ रुपयांना. तो महागड्या आकड्यावर नफा चढवून विकायला बसतो, शेजारी तीच स्वस्त देतो, त्यामुळे फुलदाण्या पडून राहतात आणि फुलं धडाधड संपतात. गल्ला भरलेला दिसतो. मग पुढच्या ऑर्डरमध्ये तो फुलं आणखी वाढवतो. भाव चुकला की ऑर्डरही चुकते, आणि कंटेनरमागून कंटेनर चुकत राहते.

हलका, फुगीर माल जितका स्वस्त, तितका हा खड्डा खोल. समजा विकणाऱ्याने अर्ध्या डॉलरऐवजी पाव डॉलरचा, तेवढ्याच आकाराचा गुच्छ देऊ केला. पाठ केलेलं १.३९ लावलं तर तो ३१ रुपये २८ पैशांना पडायला हवा. पण भाड्याचा वाटा, बंदराचा वाटा आणि ट्रेलर जागेवर ठरतात, गुच्छाच्या किमतीवर नाही. भाडं मूळ २,४०० डॉलर धरूनही प्रत्यक्षात तो ३८ रुपयांच्या आसपास जातो. किंमत निम्मी झाली, पण पडणारा भाव निम्म्यावर आला नाही. मुंबईत प्लास्टिकची भांडी, थर्माकोल, उशा, खेळणी असला माल मागवणाऱ्यांनी १.३९ सारखा कोणताही एक गुणक खिशात ठेवू नये.

उलट अडचण जड मालाची. फरशी, नळाचे पितळी भाग, नटबोल्ट यांनी वीस फुटी कंटेनर अर्धा रिकामा असतानाच वजनाच्या मर्यादेला पोहोचतो. तिथे जागा नाही, वजन हा वाटपाचा पाया. अमुक माल जागेने कंटेनर भरतो की वजनाने, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुरतं. एकाच कंटेनरात दोन्ही प्रकार असतील, म्हणजे खाली फरशी आणि वर उशा, तर वाद होतो, आणि अशा वेळी दोन्ही पायांवर हिशोब करून दोन्हीत जो भाव चढा निघतो त्यावर विकणं मला सुरक्षित वाटतं.

छोट्या आयातदाराला अख्खा कंटेनर परवडत नाही. तो इतरांच्या मालाबरोबर खोकी पाठवतो, ज्याला एलसीएल म्हणतात. त्याचं भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लागतं. इथे एक जुनी युक्ती चालते. चीनमधून सीआयएफ भाव येतो, भाडं जवळजवळ शून्य दाखवलेलं असतं, आणि तो माल मुंबईत आला की इथला एजंट स्थानिक आकारांचं असं बिल देतो की डोळे पांढरे व्हावेत. भाडं तिकडे कमी दाखवून इकडे वसूल केलेलं असतं. म्हणून एफओबीवर खरेदी करून भाडं आपल्या फॉरवर्डरशी आपण ठरवलेलं चांगलं. सीआयएफच घ्यायचा असेल तर मुंबईतल्या आकारांचा लेखी दर आधी मागावा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर काय समजायचं ते समजावं.

फुटलेली फुलदाणी आणि उशिराचा दंड

भागाकाराच्या खालचा आकडा, म्हणजे नगांची संख्या, हाही तपासायला हवा. पॅकिंग लिस्टवर ४,००० फुलदाण्या असतात, पण विकण्यासारख्या किती उतरल्या? चिनी मातीच्या मालात दोन-चार टक्के फूट होणं नवल नाही. १२० फुटल्या, म्हणजे ३ टक्के गेल्या, तर १४ लाख २३ हजार ३५० ला ३,८८० ने भागायचं: ३६६ रुपये ८४ पैसे. प्रत्येक चांगल्या फुलदाणीवर अकरा रुपये वाढले. सीमाशुल्क कायद्यात क्लिअरन्सपूर्वी माल खराब झाल्यास शुल्कात सूट मिळण्याची तरतूद आहे, पण फूट कळते ती भिवंडीत खोकं उघडल्यावर, तेव्हा शुल्क भरून माल बाहेर आलेला असतो. विम्याचा दावा करायचा असेल तर खोकी हलवण्याआधी सर्व्हेअरला बोलवावं लागतं. ट्रेलर रिकामा करण्याच्या घाईत हे राहून जातं.

नेहमीची फूट नगाच्या भावात घ्यावी. अख्खी रांग कोसळून पाचशे फुटल्या तर ते नेहमीचं नाही. लेखामानक २, म्हणजे मालसाठ्याच्या मूल्यांकनाचं मानक, असा असाधारण तोटा साठ्याच्या किमतीत न घेता थेट नफा-तोटा खात्याला टाकायला सांगतं. हेच तत्त्व विलंबाच्या खर्चाला लागू आहे. मोकळ्या दिवसांनंतर रिकामा कंटेनर परत दिला नाही तर जहाज कंपनी डिटेन्शन घेते, आणि ते टप्प्याटप्प्याने चढतं. दिवसाला ८० डॉलर धरले तर दहा दिवसांत ७२,००० रुपये, म्हणजे आपल्या एकूण स्थानिक खर्चाच्या ऐंशी टक्के. बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल झाली नाही तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये विलंब शुल्क वेगळंच.

हिशोबाच्या वह्यांसाठी हे असाधारण, म्हणून मालाच्या किमतीबाहेर. भाव ठरवण्यासाठी मात्र मी थोडं वेगळं सांगेन. एखाद्या पेढीचे दहापैकी सहा कंटेनर दरवर्षी डिटेन्शन भरून सुटत असतील तर ते असाधारण उरलंच नाही. ते त्या पेढीच्या कामकाजाचा नेहमीचा खर्च आहे, आणि भावात त्याचा सरासरी वाटा धरलाच पाहिजे. वह्यांतला भाव आणि विक्रीसाठीचा भाव वेगळा असायला काही हरकत नाही. फक्त कोणता आकडा कशासाठी आहे, हे शीटवर लिहिलेलं असावं.

शेवटची अडचण वेळेची आहे. मालक भाव विचारतो त्या दिवशी निम्मी बिलं आलेली नसतात. कंटेनर फ्रेट स्टेशनचं बिल, जहाज कंपनीच्या अनामतीतून झालेली कपात, कंटेनर खराब परत दिल्याबद्दलची मागणी हे सगळं तीन-चार आठवड्यांनी येतं, आणि तोवर निम्मा माल विकून झालेला असतो. त्यामुळे माल उतरला त्या दिवशीचा भाव अंदाजाचाच असतो. शेवटचं बिल आल्यावर तीच शीट पुन्हा उघडून खऱ्या आकड्यांनी भरावी आणि अंदाजाशी ताडून पाहावी. आणि पुढच्या कंटेनरची ऑर्डर त्यानंतरच द्यावी.